तुमच्या रेझ्युमेवर कुणाचं नाव चढलंय?

जून ते सप्टेंबर हे चार महिने माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. "सर, कंपनीच्या साइटवर अर्ज टाकून काही होतं का, की कन्सल्टन्सीकडूनच जावं लागतं?" विचारणारे बहुतेक डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल, दोन-पाच वर्षं अनुभव, आणि नजर चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यावर. या विषयावर गावात दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे साइटवरचा अर्ज थेट कचऱ्यात जातो. दुसरं म्हणजे एजंट सगळे चोर. दोन्ही मतं अर्धी खरी आहेत, आणि अर्धं खरं धरून चालणाऱ्याची फसगत जास्त होते.

मी सुरुवातीची तीन वर्षं कन्सल्टन्सीत काढली आणि नंतरची अकरा कंपनीच्या एचआरमध्ये, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत. म्हणजे रेझ्युमे पाठवणाऱ्या खुर्चीतही बसलोय आणि उघडणाऱ्या खुर्चीतही. त्यावरून सांगतो. कोणता मार्ग चांगला, या प्रश्नाचं उत्तर "तुमच्या आधी तुमचं नाव कुणी नोंदवलंय" यावर बरंच अवलंबून असतं. आणि हे नव्वद टक्के पोरांना माहीतच नसतं. (नव्वद हा माझा अंदाज, सर्वेक्षण वगैरे काही केलेलं नाही.)

आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

कारखान्यात क्वालिटी विभागातला एक इंजिनिअर सोडून गेला. विभागप्रमुख मागणी टाकतो, वरून मंजुरी येते, आणि त्या जागेला एक नंबर मिळतो. मग एचआरवाला साधारण या क्रमाने शोधतो: आतला कुणी येतोय का, आपल्या कामगाराच्या ओळखीतला कुणी आहे का, साइटवर आलेल्या अर्जांत कुणी आहे का, पोर्टलवर शोधून कुणी मिळतोय का, आणि शेवटी कन्सल्टन्सी. हा क्रम खर्चाचा आहे. कन्सल्टन्सीचा बाजारातला रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. सहा लाखांच्या जागेला पन्नास हजार रुपये, वर जीएसटी. हे पैसे कंपनी देते, उमेदवार नाही. त्यामुळे एचआरवाल्याच्या वर्षाअखेरच्या हिशेबात "किती जागा कन्सल्टन्सीशिवाय भरल्या" हा आकडा त्याच्या बाजूचा असतो. साइटवरून आलेला चांगला माणूस त्याला फुकटात पडतो. असा माणूस मिळाला तर तो मुद्दाम कचऱ्यात का टाकेल?

मग अर्ज जातात कुठे?

परदेशी किंवा मोठ्या देशी कंपनीचं करिअर पेज हे नुसतं पान नसतं. मागे वर्कडे किंवा सक्सेसफॅक्टर्ससारखी भरतीची प्रणाली असते. तुम्ही खातं उघडता, फॉर्म भरता, तेव्हा तिथे तुमच्या नावाची एक नोंद तयार होते. तिच्यात तारीख-वेळ असते, आणि हा माणूस कुठून आला ते सांगणारा एक रकाना असतो. त्यावर करिअर साइट, ओळख, एजन्सी यांपैकी काहीतरी पडतं. हा रकाना लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

"संगणकच रिजेक्ट करतो" अशी एक भीती पसरलीये. फॉर्ममध्ये शिक्षण, अनुभव, नोटीस पिरियड असे दोन-चार सक्तीचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं अटीत बसली नाहीत तर अर्ज बाजूला पडतो, हे खरं. पण मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांचं मरण यापेक्षा साधं असतं. तीनशे अर्ज येतात. एचआरवाला पहिले साठ-सत्तर उघडतो, त्यातले आठ विभागप्रमुखाकडे पाठवतो, तिघांची मुलाखत होते, एक ठरतो. दोनशे दहाव्या नंबरचा अर्ज वाचलाच जात नाही. तो वाईट होता म्हणून नव्हे, तोवर काम संपलेलं असतं म्हणून. जाहिरात मात्र तशीच राहते, कारण ठरलेला माणूस रुजू होईपर्यंत कुणी ती बंद करत नाही. त्यात त्या माणसाचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा.

म्हणून करिअर पेजवर सगळ्यात आधी तारीख बघायची. वर्कडेच्या पानांवर जागेखाली Posted Today, Posted 5 Days Ago असं लिहिलेलं असतं. Posted 30+ Days Ago दिसलं की ती जागा बहुधा आतून भरत आलेली असते, किंवा ती कायम उघडी ठेवलेली, नुसते रेझ्युमे गोळा करणारी जागा असते. पहिल्या चार-पाच दिवसांत टाकलेला अर्ज आणि दीड महिन्याने टाकलेला अर्ज यांची किंमत सारखी नसते. तुम्हाला मनापासून हव्या असतील अशा आठ-दहा कंपन्या निवडा, त्यांच्या पेजवर जॉब अलर्ट लावा. अलर्ट आला की त्याच रात्री अर्ज. एवढं केलं तर साइटवरचा मार्ग लोक म्हणतात तितका मेलेला नाही.

आता दुसऱ्या प्रकारचं करिअर पेज. भोसरी, तळवडे, चाकण फेज टूमधल्या शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यांच्या साइटवरही करिअर्स नावाचं बटण असतं. वेबसाइट करून देणाऱ्याने ते आपल्या साच्यात लावून दिलेलं असतं. अर्ज एका मेलबॉक्समध्ये जातो, आणि त्या मेलबॉक्सचा पासवर्ड ज्याला माहीत होता तो माणूस तीन वर्षांपूर्वीच सोडून गेलेला असतो. हे ओळखायचं कसं? जागेला नंबर नाही, तारीख नाही, आणि अर्ज टाकल्यावर पोच देणारा मेल येत नाही. या तिन्ही गोष्टी नसतील तर ते पान मेलेलं समजा. तिथे नोकरी हवी असेल तर ओळखीचा माणूस, पोर्टल किंवा कन्सल्टन्सी हेच मार्ग. नाहीतर सरळ गेटवर जाऊन एचआरच्या माणसाचं नाव विचारणं. हसू नका, छोट्या कारखान्यांत अजूनही चालतं.

पोर्टलबद्दल एकच गैरसमज दूर करतो. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलला आपण जाहिरातींचा फळा समजतो. आमच्यासाठी ते कपाट आहे. कंपन्या आणि कन्सल्टन्सी पैसे भरून त्या कपाटात शोधतात: क्वालिटी, ३ ते ५ वर्षं, पुणे, नोटीस ३० दिवस, आणि हो, गेल्या काही दिवसांत लॉगिन केलेले. तुम्ही कुठे अर्ज टाकला यापेक्षा तुम्ही या शोधात वर येता का, हे तिथे महत्त्वाचं. नुसतं "क्वालिटी इंजिनिअर, हार्डवर्किंग" लिहिलेला शोधात सापडत नाही. पीपीएपी, एफएमईए, सीएमएम, कोणत्या मशीनवर, कोणत्या भागावर, हे लिहिलेला सापडतो. आणि सहा महिने हात न लावलेलं प्रोफाइल तळाशी जातं. म्हणून दोन ते आठ वर्षं अनुभव आणि नावानिशी सांगता येईल असं कौशल्य, अशा माणसाला पोर्टल चांगलं फळतं. नुकताच पास झालेला पोरगा तिथे समुद्रात थेंब असतो. त्याने पोर्टलवर रोज पन्नास अर्ज टाकण्यात रात्री घालवू नयेत. कॉलेजचा ड्राइव्ह आणि अप्रेंटिसशिप याकडे जास्त लक्ष द्यावं.

पण पोर्टलवर प्रोफाइल ताजं केलं की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात, आणि त्यातले बहुतेक कंपनीचे नसतात, कन्सल्टन्सीचे असतात. खरा घोळ इथून सुरू होतो.

एक प्रकरण सांगतो. गावं, कंपन्या सांगत नाही, पण घडलेलं आहे. श्रीगोंद्याकडचा मुलगा. डिप्लोमा मेकॅनिकल, रांजणगावात चार वर्षं इनकमिंग क्वालिटीत, पगार वर्षाला चार लाख वीस हजार. पोर्टलवर नाव होतं. एका कन्सल्टन्सीतून मुलीचा फोन आला: "चाकणला मोठ्या एमएनसीत ओपनिंग आहे, रेझ्युमे पाठवा." कंपनीचं नाव विचारलं तर "शॉर्टलिस्ट झाल्यावर सांगू." याने पाठवला. दोन दिवस वाट पाहिली आणि विसरून गेला.

कन्सल्टन्सीने तो रेझ्युमे एका कंपनीला नव्हे, पाच कंपन्यांना पाठवला होता. याला न विचारता. त्यातल्या तीन ठिकाणी तर तसली जागाही निघालेली नव्हती. उद्देश एवढाच, की आपल्या नावाने नोंद पडून राहावी.

अशी नोंद का पाडायची? कंपनी आणि कन्सल्टन्सी यांच्या करारात एक कलम असतं. उमेदवार ज्याने पहिल्यांदा प्रणालीत टाकला, तो पुढचे सहा महिने त्याचा. काही करारांत बारा महिने. या मुदतीत तो माणूस कोणत्याही मार्गाने कंपनीत आला तरी पैसे त्या कन्सल्टन्सीला द्यायचे. सातबाऱ्यावर नाव चढावं तसं तुमच्या रेझ्युमेवर त्यांचं नाव चढतं. फरक एवढाच, की सातबारा तुम्ही काढून बघू शकता, हा उतारा तुम्हाला कुणी दाखवत नाही.

दोन महिन्यांनी त्या पाचांपैकी एका कंपनीत खरी जागा निघाली. सप्लायर क्वालिटी, सहा लाख. याचा आयटीआयपासूनचा मित्र तिथेच कामाला. मित्राने कंपनीच्या ओळख-योजनेतून याचं नाव टाकायला घेतलं, तर प्रणाली म्हणाली उमेदवार आधीच आहे, रकाना एजन्सी. मित्राला वाटलं याने आधीच कुठून तरी अर्ज केलाय आणि आपल्याला सांगितलं नाही. तो जरा दुखावला. मुलाखत मात्र झाली, चांगली झाली. शेवटी दोघं उरले, हा आणि साइटवरून थेट आलेला एक जण. विभागप्रमुखाला दोघंही चालणार होते. एकाला घेतलं तर पन्नास हजार बिल, दुसऱ्याला घेतलं तर शून्य. तुम्ही त्या एचआरवाल्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

याला फक्त "वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू" असा मेल आला. कारण कधीच कळलं नाही. आपलं इंग्रजी कमी पडलं असं समजून तो आजही स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून आहे.

कन्सल्टन्सीमार्फत आलेला माणूस नेहमी मागे पडतो असं मला म्हणायचं नाही. माणूस स्पष्टपणे सरस असेल तर कंपनी पन्नास हजारांकडे बघत नाही. पण दोघं तुल्यबळ असले की ते पन्नास हजार बोलतात. आणि याहून वाईट दुसरा प्रकार. एकाच उमेदवाराला दोन कन्सल्टन्सी पाठवतात, दोघी म्हणतात आमचा. हा वाद मिटवण्याचा कंपनीकडे सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो उमेदवारच सोडून देणं. मी स्वतः असे वाद मिटताना पाहिलेत. उमेदवाराला कुणी विचारत नाही.

आता थेट अर्जाची बाजू बघा. तुम्ही साइटवर स्वतः अर्ज टाकलात की रकान्यात तुमचं स्वतःचं नाव चढतं. मग एजन्सीने तुमचा रेझ्युमे टाकला तर प्रणाली तो परत पाठवते. हे चांगलंच वाटतं, आणि बहुतेक वेळा चांगलंच आहे. पण याला एक दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. समजा तुमचा साइटवरचा अर्ज कुणी उघडलाच नाही. तिकडे एका चांगल्या कन्सल्टंटची त्या विभागप्रमुखाशी रोज ऊठबस आहे, तो तुमचं नाव तोंडी सांगू शकला असता. पण तुमची नोंद आधीच पडलीये, त्याला तुमच्यामागे पैसे मिळणार नाहीत, म्हणून तो तुमच्यासाठी बोलत नाही. म्हणजे सरसकट सगळीकडे थेट अर्ज ठोकत सुटणं हाही शहाणपणा नव्हे. आणि एकाच कंपनीत क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, स्टोअर अशा चौदा जागांना अर्ज टाकणं तर नकोच. उघडणाऱ्याला ते चौदाही अर्ज एकाखाली एक दिसतात.

मग माझा हिशेब असा. कंपनी मोठी आहे, जागेला नंबर आहे, जाहिरात आठवड्याच्या आतली आहे, आणि तुमचा अनुभव तिथे लिहिलेल्या कामाशी सरळ जुळतोय, तर आधी ओळखीचा माणूस आत आहे का बघा. असेल तर त्याच्यामार्फत, नसेल तर स्वतः साइटवर. हा क्रम उलटा करू नका. स्वतः आधी अर्ज टाकला की काही कंपन्यांत ओळख-योजनेतून नाव घेता येत नाही, आणि मित्राचा बोनस जातो.

कन्सल्टन्सी खरोखर सरस ठरते ती तीन-चार ठिकाणी. एक, जी जागा साइटवर येतच नाही. चालू मॅनेजरला काढायचंय, त्याला कळू न देता दुसरा शोधायचाय, अशी जागा कंपनी कुठेच जाहीर करत नाही. दोन, मघाशी सांगितलेले छोटे कारखाने, जिथे एचआर म्हणजे अकाउंट्समधलाच एक जण. तीन, घाई. नव्या लाइनसाठी महिनाभरात बारा माणसं हवीत, तेव्हा कंपनी खर्चाकडे बघत नाही. आणि तुम्ही दहा-बारा वर्षांच्या अनुभवाचे असाल तर चांगला कन्सल्टंट पगाराच्या वाटाघाटीतही उपयोगी पडतो. तुम्ही तोंडाने मागू शकत नाही तो आकडा तो मागतो, कारण त्याची टक्केवारीही त्यातच वाढते. मात्र एक विसरू नका. तुम्ही रुजू झालात तरच त्याला पैसे मिळतात. त्यामुळे "ही ऑफर घेऊ की थांबू" हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. रुजू झाल्यावर पहिले तीन महिने तो तुम्हाला सख्ख्या भावासारखा फोन करेल. तीन महिन्यांच्या आत तुम्ही सोडलंत तर त्याला बदली माणूस फुकट द्यावा लागतो, नाहीतर पैसे परत. चौथ्या महिन्यात फोन बंद होतात. यात राग मानण्यासारखं काही नाही, धंदा आहे.

अशा फोनला उत्तर काय द्यायचं? कंपनी कोणती, प्लांट कुठे, जागा कोणती, हे तिन्ही कळल्याशिवाय रेझ्युमे पाठवू नका. एवढं विचारलं तरी निम्मे फोन तिथेच संपतात. नाव न सांगण्यामागे कधीकधी खरं कारण असतं. तुम्ही त्याला टाळून थेट जाल अशी त्याला भीती असते, आणि लोक तसं करतातही. त्याने मेहनतीने सांगितलेल्या जागेवर मागल्या दाराने थेट अर्ज करणं मला पटत नाही. पण त्याने नाव सांगितलं आणि तुम्ही तिथे आधीच अर्ज केलेला असेल, तर तिथल्या तिथे सांगून मोकळे व्हा. त्याचाही वेळ वाचतो. आणि रेझ्युमे पाठवताना सोबत एक ओळ लिहा: "हा रेझ्युमे फक्त अमुक कंपनीच्या अमुक जागेसाठी पाठवत आहे, इतर कुठेही पाठवण्यापूर्वी मला विचारावे." मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, पण लिहून. उद्या दोन एजन्सींचा वाद झालाच तर "माझी लेखी संमती यांना होती, त्यांना नव्हती" हे दाखवायला ही ओळ उपयोगी पडते. मी कंपनीत असताना अशी ओळ दाखवणाऱ्याचं म्हणणं ऐकलं गेलंय. आणि घरी एक वही ठेवा: कंपनी, जागा, कोणामार्फत, तारीख. सहा महिन्यांनी हे आठवत नसतं.

हे सगळं झालं स्टाफच्या जागांचं. मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोरांचं जग वेगळं आहे, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते.

ऑपरेटर, हेल्पर, असेंब्लीच्या जागा मोठ्या कंपन्यांच्या करिअर पेजवर सहसा दिसतच नाहीत. त्या ठेकेदाराकडून भरल्या जातात. इथे "एजंट" हा मध्यस्थ नसतो, तोच मालक असतो. तुम्ही गणवेश कंपनीचा घालता, पण पीएफ ठेकेदाराच्या नावाने जातो. हे बेकायदा नाही. कायद्याने ठेकेदाराला परवाना घेऊन माणसं पुरवता येतात. प्रश्न येतो तो ठेकेदार आणि पोरगा यांच्यामध्ये बसलेल्या तिसऱ्या माणसाचा. चाकण चौकापासून आत जाताना खांबाखांबावर चिकटवलेले कागद बघा: "कंपनीत डायरेक्ट भरती, आजच जॉइनिंग, राहणे-जेवण." खोलीत टेबल टाकलेलं असतं. नोंदणीचे पाचशे, गेटपासचे हजार, बूट-गणवेशाचे पंधराशे. लातूर, नांदेड, बुलढाण्याकडून आलेला पोरगा खिशातले तीन हजार तिथेच काढून देतो. कधी काम लागतं, पंधरा दिवसांनी सुटतं. कधी गेटवर गेल्यावर कळतं की असल्या कुणाला कंपनी ओळखतच नाही.

वर सांगितलेला पैशाचा हिशेब इथे कसोटीसारखा वापरा. माणूस पुरवणाऱ्याला पैसे कंपनीकडून मिळतात. तो तुमच्याकडूनही मागत असेल, तर एक तर त्याला कंपनी देत नाही, म्हणजे त्याचा कंपनीशी संबंध नाही, किंवा तो दोन्हीकडून घेतोय. भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा कागद लावून "आमच्याकडे लायसन आहे" सांगतात. ती नोंदणी दुकानाची असते, भरतीच्या अधिकाराची नव्हे. आखाती देशांत माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याचं नाव सरकारच्या emigrate.gov.in वर तपासता येतं. दुबईला जाणाऱ्याला जी तपासणी करता येते, ती बुलढाण्याहून चाकणला येणाऱ्याला करता येत नाही.

काम लागलंच, तर पहिल्या पगारानंतर दोन गोष्टी बघा. पगारपत्रकावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, आणि यूएएन नंबर टाकून पीएफच्या पासबुकात तेच नाव आहे का. दोन्हीकडे वेगळी नावं, किंवा पासबुकात काहीच नाही आणि पगारातून मात्र पीएफ कापलाय, तर ते लगेच विचारायचं. सहा महिन्यांनी नव्हे.

आणि आयटीआय झालेल्यांसाठी एक थेट दार आहे, त्याकडे फार कमी जण बघतात. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि या मोजणीत ठेक्यावरची माणसंही धरतात. या जागांसाठी apprenticeshipindia.gov.in वर स्वतः नोंदणी करून कंपनीच्या नावाने अर्ज करता येतो. मध्ये कुणी नसतं. मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे आधीच माहीत असू द्या. पण करार कंपनीशी होतो आणि शेवटी हातात प्रमाणपत्र येतं, ज्यावर त्या कंपनीचं नाव असतं. पुढे पोर्टलच्या त्या कपाटात ते नाव शोधलं जातं.

शेवटी माझं म्हणणं कंपन्यांना आहे, कारण पोरांना किती शिकवणार. अनेक मोठ्या कंपन्या करिअर पेजवर बारीक अक्षरात छापतात की आम्ही भरतीसाठी पैसे घेत नाही, भूलथापांना बळी पडू नका. या ओळीचा खोलीत टेबल टाकून बसलेल्या माणसावर काडीचा परिणाम होत नाही. त्याऐवजी त्याच पानावर, आणि प्लांटच्या गेटवर मराठीत, एक यादी लावा: सध्या आमच्यासाठी भरती करणाऱ्या कन्सल्टन्सी अमुक, माणसं पुरवणारे ठेकेदार अमुक. तीन हजार काढण्याआधी पोरगा मोबाइलवर नाव बघेल, किंवा गेटवर येऊन वाचेल.

हा विषय मी दोन ठिकाणी बैठकीत काढला होता. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळालं: यादी सारखी बदलते, अद्ययावत ठेवणार कोण? पण ज्या ठेकेदाराचा व्हेंडर कोड चालू नाही त्याचं बिल अकाउंट्स विभाग एक दिवससुद्धा पुढे जाऊ देत नाही. म्हणजे आजच्या तारखेची बिनचूक यादी प्रत्येक कंपनीत तयारच आहे, फक्त ती गेटच्या आतल्या बाजूला आहे.